बलवान कॉलम, दुबळा बीम: एका जोडाची तपासणी आणि त्यातल्या रिंगांचा हिशोब

भूकंपात काँक्रीटच्या चौकटीचे नुकसान कुठे व्हावे हे संकल्पकाला ठरवता येते, आणि ते बीमच्या टोकांना व्हावे असे ठरवणे म्हणजेच बलवान कॉलम आणि दुबळा बीम ही पद्धत. बीमची टोके झुकली, तर हिंज सर्व मजल्यांवर विखुरल्या जातात आणि ऊर्जा अनेक ठिकाणी जिरते. कॉलम आधी झुकले, तर एकाच मजल्याच्या सर्व कॉलमांना वर आणि खाली हिंज पडून तो मजला बाजूला सरकतो, आणि वरचे सगळे वजन त्या सरकलेल्या कॉलमांवर येते. हे सर्वांना माहीत असते. प्रत्यक्ष तपासणी करताना मात्र बीमची ताकद नेमकी कोणती घ्यायची, कॉलमची कोणती घ्यायची आणि त्याच आकड्यांवरून जोडातल्या रिंगांपर्यंत कसे पोचायचे, इथे बऱ्याच आकडेमोडी घसरतात. म्हणून या लेखात एकच जोड घेतला आहे आणि आयएस १३९२० च्या २०१६ सालच्या आवृत्तीनुसार तो सुरुवातीपासून रिंग बांधण्यापर्यंत नेला आहे.

संहितेची अट सोपी आहे. जोडाला मिळणाऱ्या, म्हणजे वरच्या आणि खालच्या, कॉलमांच्या आघूर्ण क्षमतेची बेरीज ही त्याच प्रतलातल्या डाव्या आणि उजव्या बीमांच्या क्षमतेच्या बेरजेच्या किमान १.४ पट असली पाहिजे.

```
ΣMc ≥ 1.4 ΣMb
```

अमेरिकी एसीआय ३१८ मध्ये हाच गुणक १.२ आहे आणि युरोकोड ८ मध्ये १.३. आकडे वेगळे असले तरी त्या त्या संहितेत क्षमता मोजण्याची रीतही वेगळी आहे, त्यामुळे एकीचा गुणक आणि दुसरीची रीत अशी सरमिसळ करू नये. आपल्या संहितेत ही अट न पाळणारा कॉलम फक्त उभा भार वाहणारा धरायचा असतो. भूकंपाचा आडवा भार घेणाऱ्या चौकटीत त्याला मोजता येत नाही, आणि असे दोन-चार कॉलम वगळले की संपूर्ण विश्लेषण पुन्हा करावे लागते.

उदाहरणाचा जोड

इमारतीच्या कडेच्या चौकटीतला, मधल्या मजल्यावरचा जोड घेऊ. चौकटीच्या प्रतलात दोन्ही बाजूंनी बीम येतात आणि आतल्या बाजूने एक आडवा बीम येतो, म्हणजे जोडाच्या तीन बाजूंना बीम आहेत आणि एक बाजू उघडी आहे. मजल्याची उंची ३.२ मीटर, बीम ३०० गुणिले ५०० मिमी, काँक्रीट एम ३० आणि पोलाद एफई ५००. बीमच्या टोकाला वर २० मिमीच्या चार सळया (१२५७ चौ. मिमी) आणि खाली २० मिमीच्या तीन सळया (९४२ चौ. मिमी) आहेत. कॉलम सुरुवातीला ४०० गुणिले ४०० मिमी आणि त्यात २० मिमीच्या आठ सळया, म्हणजे १.५७ टक्के पोलाद. विश्लेषणातल्या भारांना हा कॉलम पुरतो, आणि नकाशा इथवर आला की अनेकदा काम संपले असे मानले जाते.

पहिली पायरी: बीमची ताकद कमी मोजू नका

बीमच्या संकल्पनात आपण क्षमता हात राखून काढतो, कारण कमी आकडा सुरक्षित असतो. या तपासणीत बीमची ताकद असमानतेच्या उजव्या बाजूला आहे, आणि ती कमी धरली की कॉलम खोटाच बलवान दिसतो. त्यामुळे इथे सवय उलटी करावी लागते: बीममध्ये जे जे पोलाद प्रत्यक्ष काम करेल ते सगळे मोजायचे.

भूकंपाच्या एका झोक्यात जोडाच्या एका बाजूच्या बीमला वर ताण येतो आणि दुसऱ्या बाजूच्या बीमला खाली. म्हणून दोन क्षमता लागतात. वर ताण असताना केवळ ताणातल्या चार सळया धरल्या आणि खालच्या तीन सळया दाबात काम करतात हे सोडून दिले, तर आघूर्ण क्षमता २०७ किलोन्यूटन-मीटर येते. त्या तीन सळया धरून विकृतीच्या हिशोबाने उदासीन अक्ष पुन्हा काढला, तर तो तळापासून सुमारे ८७ मिमीवर येतो आणि क्षमता २२१ होते. खाली ताण असताना स्लॅब दाबात असतो. बीमच्या रुंदीसह ९०० मिमी रुंदीचा फ्लँज धरल्यास दाबाचा पट्टा जेमतेम ४२ मिमी खोल जातो आणि क्षमता १७७ किलोन्यूटन-मीटर मिळते. स्लॅब विसरून आयताकृती छेद धरला असता तर हाच आकडा १६३ आला असता.

```
Mb (hogging) = 221 kNm
Mb (sagging) = 177 kNm
ΣMb = 398 kNm
1.4 × 398 = 557 kNm
```

दुसरा झोका उलट दिशेने येतो. इथे दोन्ही बाजूंचे पोलाद सारखे असल्याने बेरीज बदलत नाही, पण डाव्या आणि उजव्या बीमांची सळई वेगळी असेल तर दोन्ही झोक्यांसाठी बेरीज काढून मोठी घ्यावी.

या पायरीवर एक चूक इतक्या वेळा दिसते की ती वेगळी सांगितली पाहिजे. बरेच प्रोग्रॅम हे गुणोत्तर छापतात, पण ते विश्लेषणातून आलेल्या गरजेच्या पोलादावर, दिलेल्या पोलादावर नव्हे. समजा वरच्या बाजूला १०४० चौ. मिमी पोलाद लागत होते. तीन सळया कमी पडतात म्हणून नकाशावर चार सळया येतात आणि बीमचे पोलाद गरजेपेक्षा एकवीस टक्के जास्त होते. प्रोग्रॅमच्या तक्त्यात मात्र १०४० वरच काढलेले गुणोत्तर ‘पास’ म्हणून उभे असते. म्हणून ही तपासणी नकाशावरच्या सळया मोजून हाताने करावी, आणि साइटवर कुणी ‘जास्तीची एक सळई टाकून देऊ’ म्हणाले तर ती बीमच्या टोकाला नको, हेही स्पष्ट सांगावे.

दुसरी पायरी: कॉलमची ताकद जास्त मोजू नका

कॉलमची आघूर्ण क्षमता अक्षीय भाराबरोबर बदलते. दाब वाढत जातो तशी ती संतुलन बिंदूपर्यंत वाढते आणि तिथून पुन्हा घटते. भूकंपाच्या वेळी कॉलमवर नेमका किती दाब असेल हे निश्चित नसते. कडेच्या, विशेषतः कोपऱ्याच्या कॉलमात एका झोक्यात दाब खूप कमी होतो आणि काही वेळा ताणही येतो. म्हणून ज्या भारसंयोगात क्षमता सर्वांत कमी येते ती घ्यायची. या उदाहरणात परस्परक्रिया आलेखावर शून्य अक्षीय भाराशी येणारी क्षमता घेतली आहे. ती हाताने काढता येते आणि कॉलमवरचा दाब संतुलन बिंदूच्या खाली असेल तोवर ती सुरक्षित बाजूला राहते. दाब संतुलन बिंदूच्या बराच वर असेल, तर शून्य भाराचा आकडाच सर्वांत लहान असेल याची खात्री नसते, आणि कॉलमला निव्वळ ताण येत असेल तर तो आकडा फसवा ठरतो. अशा वेळी पूर्ण आलेख काढावा.

४०० गुणिले ४०० च्या कॉलमात सळया ३, २, ३ अशा तीन थरांत बसतात. कव्हर आणि रिंग धरून पहिला थर कडेपासून सुमारे ६० मिमीवर येतो. शून्य भाराला उदासीन अक्ष सुमारे १०० मिमी खोल येतो आणि क्षमता १६१ किलोन्यूटन-मीटर मिळते. वरचा आणि खालचा कॉलम मिळून ३२२. हव्या होत्या ५५७. गुणोत्तर ०.८१, म्हणजे जोडाशी कॉलम बीमपेक्षा दुबळाच आहे.

इथे ‘पण कॉलमवर दाब आहे, तो धरा की’ असा आक्षेप येतो. धरून पाहू. ९०० किलोन्यूटन दाबाला याच कॉलमची क्षमता सुमारे २०४ होते, दोन्ही मिळून ४०८, आणि गुणोत्तर १.०३. म्हणजे दाबाची पूर्ण मदत घेऊनही कॉलम आणि बीम जेमतेम बरोबरीत येतात.

तिसरी पायरी: काय बदलायचे

कॉलमातले पोलाद वाढवणे हा पहिला विचार मनात येतो, पण ४०० मिमीच्या कॉलमात ती क्षमता मिळवायची तर सळयांची इतकी दाटी होते की जोडात बीमच्या सळयांना वाट उरत नाही. बीमचे पोलाद कमी करणे हा दुसरा मार्ग आहे, आणि बीमचे आघूर्ण विश्लेषणात थोडे पुनर्वितरित करता येत असतील तर तो नक्की तपासावा. मोठा फरक मात्र कॉलमच्या खोलीने पडतो, कारण त्याने सळयांमधला तरफेचा हात वाढतो.

कॉलम ५०० गुणिले ५०० करून त्यात २० मिमीच्या बारा सळया, प्रत्येक बाजूला चार, अशा ठेवू. पोलादाचे प्रमाण १.५१ टक्के, म्हणजे आधीच्यापेक्षा किंचित कमीच. थर ४, २, २, ४ असे येतात. शून्य भाराला उदासीन अक्ष सुमारे ११८ मिमी खोल येतो आणि क्षमता ३१३ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट होते.

```
ΣMc = 2 × 313 = 626 kNm
626 / 398 = 1.57   (≥ 1.4)
```

आता स्लॅबकडे परत येऊ. बीमला वर ताण येतो तेव्हा त्याला समांतर धावणाऱ्या, फ्लँजच्या पट्ट्यातल्या आणि पुढे पुरेशा गुंतलेल्या स्लॅबच्या वरच्या सळयाही ताणात ओढल्या जातात. या पट्ट्यात ८ मिमीच्या पाच सळया आहेत असे धरले, तर सुमारे २५० चौ. मिमी पोलाद वाढते आणि बीमची ती क्षमता साधारण ४५ किलोन्यूटन-मीटरने वर जाते. बेरीज ४४३ होते, तिच्या १.४ पट ६२०, आणि आपल्याकडे आहेत ६२६. जोड अजूनही उत्तीर्ण होतो, पण आधी १.५७ वाटणारी सोय १.४१ वर आली. माझ्या मते स्लॅबचे पोलाद धरल्याशिवाय ही तपासणी पूर्ण झाली असे म्हणू नये, कारण ते पोलाद कागदावर नसले तरी भूकंपात काम करणारच आहे.

आडव्या दिशेला एकच बीम जोडाला मिळतो, त्यामुळे तिथे बेरीज लहान असते आणि चौरस कॉलमात ती तपासणी सहज बसते. पण कॉलम आयताकृती असेल तर त्याच्या अरुंद बाजूच्या दिशेने आकडे पुन्हा काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. अपयश नेहमी तिथेच लपलेले असते.

चौथी पायरी: जोडातली कातर

वरची तपासणी कॉलमची आहे. जोडाचा गाभा, म्हणजे बीमच्या उंचीइतका कॉलमचा तुकडा, ही तिसरीच जागा आहे आणि तिची परीक्षा वेगळी. एका बाजूच्या बीमच्या वरच्या सळया जोडातून बाहेर ओढतात आणि दुसऱ्या बाजूच्या बीमचा वरचा भाग जोडाला त्याच दिशेने ढकलतो, त्यामुळे गाभ्यावर आडवी कातर येते जी वरच्या-खालच्या कॉलमांतल्या कातरीपेक्षा कितीतरी पट मोठी असते. काँक्रीट ती तिरप्या दाबपट्ट्याने वाहते. गाभा फुटला की चांगला कॉलम आणि चांगला बीम असूनही उपयोग नसतो, कारण तिथल्या तिरप्या चिरा झोक्यागणिक दोन्ही दिशांनी उघडतात आणि काँक्रीटचा भुगा होतो.

इथे सळईचा ताण १.२५ fy धरतात, कारण हिंजमध्ये पोलाद नुसते झुकत नाही, पुढे कडकही होते. वरच्या चार सळयांचे बल ७८६ किलोन्यूटन, खालच्या तीनचे ५८९. त्यातून कॉलमची कातर वजा होते.

```
T1 = 1.25 × 500 × 1257 = 786 kN
T2 = 1.25 × 500 × 942  = 589 kN
Vcol = 1.4 × 398 / 3.2 = 174 kN
Vj = 786 + 589 − 174   ≈ 1200 kN
```

जोडाची क्षमता प्रभावी क्षेत्र गुणिले √fck आणि एक गुणक अशी निघते. चारही बाजूंनी बीमांनी आवळलेल्या जोडाला गुणक १.५, तीन बाजूंनी आवळलेल्याला १.२, आणि उरलेल्यांना १.०. आवळलेला म्हणण्यासाठी बीमची रुंदी कॉलमच्या त्या बाजूच्या किमान तीन चतुर्थांश हवी. आणि इथे एक गंमत आहे. कॉलम ४०० असताना ३०० मिमीचा बीम बरोबर तीन चतुर्थांश होता, म्हणून १.२ मिळत होते. कॉलम ५०० केल्यावर ३७५ मिमी रुंद बीम हवा, आपला ३०० चा आहे, म्हणून गुणक १.० वर आला. तरी मोठ्या क्षेत्राचा फायदा तोट्यापेक्षा जास्त आहे:

```
400×400: 1.2 × √30 × 160000 = 1052 kN  (< 1200)
500×500: 1.0 × √30 × 250000 = 1369 kN  (> 1200)
```

जुना कॉलम इथेही नापास झाला असता. नव्या जोडात स्लॅबच्या सळयांचे १५६ किलोन्यूटन आणि त्यानुसार वाढलेली कॉलमची कातर धरली, तर मागणी १३३६ होते, म्हणजे जागा फारशी उरत नाही. एक सावधगिरी इथेच: हे क्षेत्र बीम कॉलमच्या मध्यावर आहे असे धरून आले आहे. कडेच्या चौकटीत भिंत सपाट यावी म्हणून बीम कॉलमच्या बाहेरच्या अंगाला ओढण्याची पद्धत आहे. तसे केले की कॉलमची पूर्ण रुंदी प्रभावी राहत नाही आणि जोडाला पीळही पडतो. या जोडात तेवढी सूट नाही, म्हणून बीम मध्यावरच ठेवावा.

दुसरी भौमितिक अट लहान आहे. जोडातून जाणाऱ्या सर्वांत जाड बीमच्या सळईच्या वीसपट तरी कॉलमचे माप असले पाहिजे आणि ते ३०० मिमीपेक्षा कमी नसावे, अन्यथा सळई गाभ्यात घसरते. २० मिमीला ४०० पुरतात, आपले ५०० आहेत.

पाचवी पायरी: रिंगांचा हिशोब

कॉलम १.४ पट बलवान असला तरी त्याच्या टोकांना हिंज पडणारच नाही अशी हमी मिळत नाही. वरच्या आणि खालच्या कॉलमांत आघूर्ण निम्मे निम्मे वाटले जाते हे आपले गृहीतक आहे. भूकंपाच्या हालचालीत ते क्षणोक्षणी बदलते आणि कधी एकाच कॉलमवर निम्म्याहून बरेच जास्त आघूर्ण येते. तळमजल्याच्या पायथ्याशी तर हिंज पडणार हे ठरलेलेच असते. म्हणून कॉलमच्या प्रत्येक टोकाला विशेष बंधनाच्या रिंगा लागतात, आणि त्या जोडातूनही पुढे न्याव्या लागतात.

टोकाची लांबी तिघांतली मोठी: कॉलमचे मोठे माप ५०० मिमी, मोकळ्या उंचीचा सहावा भाग म्हणजे ४५० मिमी, आणि ४५० मिमी. म्हणून बीमच्या अंगापासून वर आणि खाली ५०० मिमी. अंतर तिघांतले लहान: लहान मापाचा चौथा भाग १२५, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या सहापट १२०, आणि १०० मिमी. म्हणून १०० मिमी.

आता रिंगेची जाडी. ४० मिमी कव्हर सोडून बाहेरच्या रिंगेचे बाहेरून माप ४२० मिमी येते. संहितेच्या सूत्रात येणारे h हे रिंगेचे लांब माप आहे आणि ते ३०० च्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून ४२० ची एकटी रिंग चालतच नाही. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सळयांना धरणारी आतली बंद रिंग दोन्ही दिशांना घालावी लागते. सळयांमधले अंतर सुमारे १२७ मिमी, त्यात सळईची जाडी आणि रिंगेच्या दोन जाड्या मिळवल्या की धरलेला पट्टा १६७ मिमीचा होतो. तोच h घेतला आहे.

```
Ag/Ak − 1 = 250000/176400 − 1 = 0.417
Ash = 0.18 × s × h × (fck/fy) × (Ag/Ak − 1)
    = 0.18 × 100 × 167 × 0.06 × 0.417 = 75 mm²
Ash = 0.05 × s × h × (fck/fy) = 50 mm²
```

दोन्हींतले मोठे ७५. १० मिमीच्या सळईचे क्षेत्र ७८.५, म्हणून १० मिमीची रिंग १०० मिमी अंतरावर पुरते. ८ मिमीचे क्षेत्र ५० आहे, ते पुरत नाही. सूत्रातला (Ag/Ak − 1) हा भाग कव्हर गळून पडल्यावर गेलेली ताकद आतला गाभा भरून काढेल एवढे बंधन मागतो, त्यामुळे कॉलम लहान किंवा कव्हर जास्त असेल तर रिंगा झपाट्याने वाढतात. कव्हर ‘सुरक्षिततेसाठी’ वाढवणाऱ्यांनी हा आकडा एकदा काढून पाहावा.

जोडाच्या आत काय करायचे ते बीमांवर ठरते. चारही बाजूंना पुरेशा रुंदीचे बीम असते तर निम्म्या बंधनाची आणि १५० मिमीपर्यंतच्या अंतराची सवलत मिळाली असती. आपल्या जोडाची एक बाजू उघडी आहे आणि बीमही अरुंद आहेत, म्हणून सवलत नाही: १०० मिमीची तीच रचना ५०० मिमीच्या जोडातून तशीच पुढे जाते, म्हणजे बाहेरची रिंग आणि आतल्या दोन रिंगा असे पाच संच.

सहावी पायरी: त्या पाच संचांचे साइटवर काय होते

कागदावर लिहिलेल्या या पाच संचांपैकी किती खरोखर जोडात जातात, हे बांधणीच्या क्रमावर ठरते. एका साइटवर मी स्लॅब ओतण्याच्या सकाळी जोड पाहायला गेलो, तेव्हा कॉलमच्या वर, बीमच्या सळयांवर रिंगांचा एक गठ्ठा टेकवलेला होता. बीमचा पिंजरा शटरिंगवर बांधून खाली उतरवला होता आणि त्याच्या सळया कॉलममधून गेल्यावर रिंगा खाली सरकेनात. फिटरचे म्हणणे होते की रिंगा आहेत, मोजा. मोजल्या, पाचही होत्या, पण जोडाच्या बाहेर. तो बीम पुन्हा उचलावा लागला.

उपाय एकच आहे: बीमच्या सळया यायच्या आधी रिंगा जागेवर हव्यात. आखलेल्या अंतरावर संच चार बारीक उभ्या सळयांना बांधून त्यांचा एक छोटा पिंजरा करावा, तो कॉलमच्या सळयांवरून शटरिंगमध्ये उतरवावा, आणि मग बीमच्या सळया एकेक करून त्यातून ओवाव्यात. बीमचा तयार पिंजरा उतरवण्याची सवय असेल तर ती या चौकटींपुरती सोडावी. वर आणि खाली, जिथे दोन दिशांच्या बीमांच्या सळया एकावर एक बसतात, तिथे रिंग थोडी सरकवावी लागते. ती सळयांच्या थराला चिकटून ठेवावी, वगळू नये.

तपासताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात. हूक १३५ अंशांचा असून त्याची शेपटी रिंगेच्या व्यासाच्या सहापट आणि किमान ६५ मिमी असावी, आणि ती गाभ्यात वळलेली असावी. ९० अंशांचा हूक कव्हर गळताच उघडतो आणि मग रिंग असून नसल्यासारखी होते. लागोपाठच्या रिंगांचे हूक एकाच कोपऱ्यात नसावेत. कॉलमच्या सळयांची जोडणी जोडाच्या आसपास नव्हे, तर मजल्याच्या मधल्या निम्म्या उंचीत असावी. सळईच्या चाचणी अहवालात प्रत्यक्ष झुकण्याचा ताण नाममात्र ५०० च्या २० टक्क्यांहून जास्त वर गेलेला नसावा, म्हणजे ६०० च्या आत असावा. ‘जास्त मजबूत’ सळई आली की बीम जास्त बलवान होतो आणि आपण केलेला सगळा हिशोब मागे पडतो.

काँक्रीटचा एक मुद्दा या सर्वांइतकाच वजनाचा आहे. कॉलम बीमच्या तळापर्यंत ओतून थांबवतात आणि जोडाचे काँक्रीट स्लॅबबरोबर जाते. कॉलम एम ४० आणि स्लॅब एम २५ असा नकाशा असेल, तर जोडात एम २५ पडते, आणि वरच्या कातरीच्या सूत्रात fck म्हणून ४० लिहिलेले असते. एकतर जोडाची तपासणी स्लॅबच्या काँक्रीटने करावी, किंवा जोड आणि त्याच्या भोवतीचा पट्टा आधी जास्त श्रेणीच्या काँक्रीटने भरून लगेच स्लॅब ओतावा. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे एम ३० आहे. तिथे एम २५ पडले असते तर क्षमता १२५० वर आली असती आणि स्लॅब धरून आलेली १३३६ ची मागणी तिला झेपली नसती.

अशा दाट जोडात १० मिमीची खडी असलेले मिश्रण आणि बारीक सुईचा व्हायब्रेटर लागतो. शटरिंग काढल्यावर बीमच्या तळाखालच्या कोपऱ्यात किंवा उघड्या बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खड्डे दिसले, तर वरवर गिलावा लावू नये. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो तेवढा भाग सळईमागेपर्यंत फोडावा, आणि आतल्या रिंगा आखल्याप्रमाणे आहेत का ते त्याच वेळी पाहून घ्यावे.